गेलेल्या माणसाचे नाव : आप्तेष्टांनी ते घ्यावे यासाठी दुःखितांनी विनंती कशी करावी

घरात मृत्यू घडल्यानंतरचे तेरा दिवस माणसांनी भरलेले असतात. येणारा प्रत्येक जण गेलेल्या व्यक्तीविषयीच बोलतो. दहाव्याच्या विधीत तर गुरुजी नाव आणि गोत्र उच्चारूनच पिंड ठेवावयास सांगतात. त्यानंतर पाहुणे आपापल्या गावी परततात, शेजारी कामाला लागतात आणि दीड-दोन महिन्यांत एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानात येऊ लागते. माणसे भेटतात, चौकशी करतात, मुलांच्या अभ्यासाचे विचारतात. परंतु जे गेले त्यांचे नाव कोणाच्याही तोंडून येत नाही. बोलता बोलता ते नाव जवळ आले, तर बोलणारा क्षणभर थांबतो आणि विषय बदलतो.

रुग्णालयातून मृतदेह घेऊन गेलेली कुटुंबे पुढे कागदपत्रांसाठी, दाखल्यांसाठी अथवा केवळ भेटीसाठी आमच्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना ही तक्रार आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. तक्रारीपाठोपाठ जो प्रश्न येतो, तोच या लेखाचा विषय आहे : "आम्हांला त्यांच्याविषयी बोलायचे आहे, हे लोकांना सांगावे तरी कसे?"

माणसे नाव का टाळतात

या मौनामागे बहुधा निष्ठुरपणा नसतो. नाव काढले तर घरच्यांना आठवण होईल आणि त्यांना रडू येईल, अशी येणाऱ्याची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. आठवण करून द्यावी लागत नाही. ती दिवसभर असतेच. येणाऱ्याने नाव घेतले नाही म्हणून घरचा माणूस काही विसरलेला नसतो. तो मनातल्या मनात आठवत बसलेला असतो, आणि समोरच्यालाही तेच आठवते आहे की नाही, हे त्याला कळत नाही. रडू येते ते खरे. पण ते आधीच साठलेले असते आणि नाव ऐकून त्याला वाट मिळते.

दुसरे कारण आपल्या चालीरीतींत आहे. मराठी घरांत पत्नीने पतीचे नाव सहसा उच्चारावयाचे नाही, अशी जुनी रीत आहे. ती "हे" म्हणते, "मुलांचे वडील" म्हणते. नाव घ्यायचे ते उखाण्यात. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवात "नाव घे" असा आग्रह होतो आणि ती चारचौघांत ते नाव घेते. पतीच्या निधनानंतर हे प्रसंगच तिच्या वाट्याचे राहत नाहीत. म्हणजे ज्या एका ठिकाणी ते नाव मोठ्याने घेण्याची मुभा होती, तेही बंद होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. कुंकू आणि बांगड्या यांची चर्चा त्यामुळे झाली. नावाची चर्चा मात्र फारशी होत नाही.

तिसरे कारण अगदी साधे आहे. काय बोलावे हे सुचत नाही. मृत्यूविषयी काही गंभीर, काही उपयोगी बोलले पाहिजे असे वाटते, आणि तसे काही सापडत नाही म्हणून माणूस गप्प राहतो. किंवा "आता मुलांकडे पाहा", "देवाची इच्छा" अशा ठरावीक वाक्यांचा आधार घेतो.

ही तीनही कारणे ध्यानी घेतली, म्हणजे विनंतीत काय असावे हे आपोआप ठरते. नाव घेण्यास परवानगी आहे, हे सांगावे लागेल. रडू आले तरी घाबरू नका, हे सांगावे लागेल. आणि नेमके काय बोलावे, तेही सुचवावे लागेल. समोरचा माणूस हे स्वतःहून ओळखेल, अशी वाट पाहत राहिल्यास ती फार लांबते.

आठवणी धरून ठेवणे हा आजार नव्हे

"सारखे त्यांच्याबद्दल बोलत राहिले, तर ती सावरणार कधी?" असे घरातील वडीलधारी मंडळी आम्हांस विचारतात. ही शंका केवळ आपल्याकडचीच नाही. डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या शोकविषयक निबंधात असे मांडले होते, की शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीत गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे. पुढे कित्येक वर्षे या मताचा प्रभाव राहिला. पण खुद्द फ्रॉइड यांची कन्या सोफी १९२० मध्ये साथीच्या तापात वारली, आणि नऊ वर्षांनंतर, १९२९ साली तिच्या जन्मदिवशी त्यांनी बिन्सवांगर या आपल्या मित्राला पत्र लिहिले. ती आज छत्तीस वर्षांची झाली असती, हे त्यांनी त्यात नमूद केले आणि अशा व्यक्तीची जागा दुसरे काहीही भरून काढू शकत नाही, अशी कबुली दिली. सिद्धान्त काहीही असो, पित्याच्या मनातील वय मोजणे थांबले नव्हते.

१९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या अभ्यासकांनी संपादित केलेल्या ग्रंथातून निराळी भूमिका पुढे आली. गेलेल्या व्यक्तीशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलते. आणि बहुतेक माणसे ते नाते आठवणींच्या द्वारे सांभाळूनच पुढे जगतात, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर १९९९ मध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि हेन्क शूट यांनी शोकाला दोन बाजू असल्याचे मांडले. एका बाजूला दुःखाकडे वळणे, आठवणे, रडणे. दुसऱ्या बाजूला घर चालविणे, बँकेची कामे शिकणे, नवी जबाबदारी पेलणे. निरोगी माणूस या दोहोंमध्ये ये-जा करीत असतो. केवळ आठवणीत बुडून राहणे जसे जड जाते, तसेच आठवण अजिबात येऊ न देणेही जड जाते. ज्या घरी कोणीच नाव घेत नाही, तेथे पहिली बाजूच बंद पडते, आणि दुःखिताला ती एकट्याने, बहुधा रात्री, उघडावी लागते.

इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथील एका रुग्णालयात १९६८ साली थोड्या दिवसांच्या अंतराने दोन मुलांचा मृत्यू झाला. तेथील तरुण धर्मोपदेशक सायमन स्टीफन्स यांनी त्या दोन्ही मुलांच्या आईवडिलांची गाठ घालून दिली. इतरत्र जे बोलता येत नव्हते, ते या चौघांना एकमेकांशी बोलता आले. आपापल्या मुलाविषयी त्यांना मोकळेपणाने सांगता आले. त्यातूनच १९६९ मध्ये अपत्यशोक झालेल्या पालकांची 'कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही संस्था उभी राहिली. आज ती अनेक देशांत आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी सात वाजता जगभरचे असे पालक मेणबत्ती लावतात, आणि ठिकठिकाणच्या मेळाव्यांत मुलांची नावे मोठ्याने वाचली जातात. आपल्याकडे पितृपक्षात तीन पिढ्यांची नावे उच्चारली जातात. नाव घेणे ही आपल्याला परकी गोष्ट नाही. ती विधीपुरती राहिली आहे आणि घरगुती बोलण्यातून निघून गेली आहे, इतकेच.

एक उदाहरण

विनंती प्रत्यक्षात कशी करावी, हे एका उदाहरणाने स्पष्ट करू. अनेक कुटुंबांत पाहिलेल्या गोष्टी एकत्र करून ते बेतलेले आहे. त्यातील गृहस्थांना आपण वसंतराव म्हणू.

वसंतराव एसटीच्या कार्यशाळेत बावीस वर्षे यांत्रिक म्हणून काम करीत होते. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन चार दिवसांत त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, दहावीतला मुलगा, सहावीतली मुलगी आणि वसंतरावांची आई. पत्नी घरी शिवणकाम करतात. पहिल्या महिन्यात कार्यशाळेतील सहकारी रोज येत असत. तिसऱ्या महिन्यात ते रस्त्यात भेटले तरी "वहिनी, काही लागलं तर सांगा" एवढे बोलून निघून जाऊ लागले. एके दिवशी मुलीने विचारले, "आई, बाबांचं नाव घ्यायचं नसतं का?" त्या प्रश्नानंतर काहीतरी केले पाहिजे, असे आईने ठरविले.

सर्वप्रथम त्यांनी स्वतः नाव घ्यावयास सुरुवात केली. हे सर्वांत परिणामकारक असते आणि सर्वांत कठीणही. मोठा प्रसंग शोधण्याची आवश्यकता नसते. भाजी घेताना "वसंतरावांना ही शेपू अजिबात आवडत नव्हती" एवढे म्हटले, तरी ऐकणाऱ्यास दोन गोष्टी कळतात : नाव घेता येते, आणि घेतल्याने आकाश कोसळत नाही. वाक्य छोटे असावे आणि रोजच्या व्यवहारातले असावे. शेवटच्या दिवसांपासून आरंभ केल्यास समोरचा माणूस घाबरतो. आवडीनिवडीपासून आरंभ केल्यास तो स्वतःही काही सांगू लागतो.

त्यानंतर त्यांनी एक माणूस निवडला. सर्वांना एकदम सांगण्यापूर्वी एकाशी समोरासमोर बोलणे सोपे जाते. हा माणूस गेलेल्या व्यक्तीला चांगला ओळखणारा असावा. पण स्वतः इतका कोसळलेला नसावा, की त्यालाच सावरत बसावे लागेल. बाजारात भेटलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी झालेले त्यांचे बोलणे असे :

"वहिनी, मुलं बरी आहेत ना? काही लागलं तर सांगा."

"भाऊजी, तसं काही लागत नाही. पण एक मागते. वसंतराव बावीस वर्षं तुमच्याबरोबर होते. ते कामावर कसे होते, हे आम्ही कधी पाहिलंच नाही. एकदा घरी येऊन मुलांना सांगाल का?"

"तुम्हांला त्रास होईल, म्हणून आम्ही कुणी विषय काढत नाही."

"मला रडू येईल. ते येऊ द्या. कुणी नाव घेत नाही, त्याचा त्रास जास्त होतो."

या शेवटच्या उत्तरात विनंतीचा सारा गाभा आहे. रडू येणार नाही, असे खोटे आश्वासन त्यांनी दिले नाही. रडू येईल हे आधीच सांगून टाकले आणि त्याची जबाबदारी भाऊजींवरून काढून घेतली. शिवाय "आठवणी सांगा" असे मोघम न म्हणता "ते कामावर कसे होते ते सांगा" असे नेमके मागितले. मोघम मागणीला माणूस मोघम उत्तर देतो. "फार चांगला माणूस होता" एवढ्यावर तो थांबतो. नेमक्या प्रश्नाला नेमकी गोष्ट मिळते.

भाऊजी रविवारी आले. इंजिनातील बिघाड वसंतराव कसा शोधत, ते त्यांनी सांगितले. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचे. डॉक्टर छाती तपासतात तसे. त्या वेळी कोणी बोलले, तर ते हात वर करून गप्प करीत. मुलाने लगेच विचारले, "म्हणजे घरी पंखा दुरुस्त करताना ते तसेच करायचे, ते तिथलंच होतं?" वडिलांच्या दोन आयुष्यांतील एक धागा मुलाला त्या दिवशी सापडला. आई रडल्या, मग त्यांनी चहा केला. भाऊजी तासभर थांबले.

लेखी विनंती

एकाशी बोलून धीर आल्यावर इतरांना लिहून कळविणे सोयीचे पडते. समोरासमोर शब्द फुटत नाहीत, आणि ऐकणाऱ्यासही त्या क्षणी उत्तर देणे अवघड जाते. पत्र अथवा व्हॉट्सॲपवरील निरोप मात्र माणूस दोनदा वाचतो आणि सवडीने विचार करतो. वेळही विचारपूर्वक निवडावी. पहिल्या पंधरवड्यात असा निरोप पाठवू नये, कारण तेव्हा घर माणसांनी भरलेले असते आणि आपल्याला काय हवे, हेही उमगलेले नसते. पहिला सण, जन्मदिवस अथवा मासिक श्राद्ध यांच्या आठवडाभर आधी पाठविल्यास लोकांना येण्यास निमित्त मिळते. वरील घरी दिवाळी जवळ आली होती. दुखवट्यामुळे घरी तळण होणार नव्हते, आप्तेष्ट फराळ घेऊन येणारच होते. तेव्हा त्यांनी असे लिहिले :

"नमस्कार. वसंतराव जाऊन येत्या शनिवारी चार महिने होतील. आपण सर्व जण आमच्यासाठी धावून आलात, हे आम्ही विसरलेलो नाही. एक विनंती आहे. दिवाळीत आमच्याकडे याल, तेव्हा वसंतरावांचे नाव मोकळेपणाने घ्या. मला कदाचित रडू येईल. पण ते तुमच्यामुळे नव्हे, आणि नंतर मला बरे वाटते. त्यांची एखादी गंमत, एखादी सवय, तुमच्याशी झालेले एखादे भांडणसुद्धा आठवत असेल, तर मुलांना सांगा. बोलणे जमत नसेल, तर चार ओळी लिहून द्या. एखादा फोटो असेल, तर तो द्या. एखाद्या दिवशी मला ऐकवत नसेल, तर मी 'आज नको' असे सांगेन, त्याचा राग मानू नका. शेवटच्या चार दिवसांविषयी मात्र मुलांसमोर विचारू नये."

या निरोपात नाव पहिल्याच ओळीत आले आहे. ते लिहिणारीनेच घेतल्यामुळे वाचणाऱ्याला पुढे घेणे सोपे होते. काय सांगावे आणि कशा स्वरूपात, याचे लहान लहान पर्याय दिले आहेत. "आज नको" हा शब्द आधीच ठरवून दिल्यामुळे दोन्ही बाजूंस मोकळेपणा राहतो. आणि एक मर्यादा स्पष्टपणे आखली आहे. मर्यादा सांगितली की लोक दुरावतील, अशी भीती अनेकांना वाटते. उलट, काय टाळावे हे ठाऊक असलेला माणूस उरलेले निर्धास्तपणे बोलतो.

कोठे अडते

सर्वच मंडळींनी या निरोपाप्रमाणे वागावे, असे होत नाही. काही जण आले आणि "एक तास आधी नेले असते तर" या चर्चेत शिरले. अशा वेळी वाद घालू नये. "ते झालं ते झालं, तुम्ही दोघं पंढरपूरला गेला होतात, ते सांगा ना" असे म्हणून बोलणे मृत्यूकडून आयुष्याकडे वळवावे. काहींनी निरोपाला उत्तरच दिले नाही. त्याचा अर्थ त्यांना प्रेम नव्हते, असा लावण्याची घाई करू नये. पुष्कळदा ज्यांना बोलवत नाही, तेही आपल्यापरीने शोकच करीत असतात. एकदा पुन्हा, थोडक्यात, विचारून पाहावे आणि मग त्यांना त्यांच्या वेळेवर सोडावे.

आणखी एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. बोलणारे केवळ गुणगान करू लागतात, आणि गेलेला माणूस हळूहळू तसबिरीतला होऊन जातो. सर्वांचे ऐकून मुलीने विचारले, "बाबा कधी चिडायचेच नाहीत का?" मुलांना खरे वडील हवे असतात. म्हणूनच निरोपात भांडणाचाही उल्लेख होता. एका सहकाऱ्याने मग सांगितले, की हत्यार जागेवर नसले, तर वसंतराव सारी कार्यशाळा डोक्यावर घेत. घरातही तसेच होते! त्या रात्री तिघेही हसले.

एकाच घरात सर्वांची गरज सारखी नसते, हेही ओळखावे लागते. सुनेला मुलाचे नाव ऐकावेसे वाटे. सासूबाईंना ते ऐकवत नसे. कोणाचेही खरे-खोटे करण्याचा हा विषय नाही. येथे वेळ आणि जागा वाटून घेण्याने मार्ग निघतो. सासूबाई दुपारी देवळात जात, तेव्हा सहकाऱ्यांनी यावे असे ठरले, आणि "आई, तुम्हांला वाटेल तेव्हा बसा, नाही वाटलं तर उठून जा" असे त्यांना सांगून ठेवले. काही आठवड्यांनी त्या दाराशी येऊन ऐकू लागल्या. पुढे वसंतरावांच्या लहानपणीची, इतर कोणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट त्यांनीच सांगितली.

लहान मुलांशी बोलताना "गावाला गेले", "झोपले" असे शब्द आप्तेष्टांनी वापरू नयेत, हेही आधी सांगावे. मूल मग परत येण्याची वाट पाहते किंवा झोपायला घाबरते. "वारले" हा शब्द मुलाला कठोर वाटला, तरी त्याने फसगत होत नाही. मुले पाच मिनिटे ऐकतात आणि खेळायला पळतात. त्यांना दुःख नाही असा त्याचा अर्थ नव्हे. त्यांची ये-जा मोठ्यांपेक्षा जलद असते, एवढेच.

मर्यादा कोठे आहेत

आठवणी ऐकल्याने दुःख संपत नाही. ते सोबतीने वाहता येते. विनंती योग्य मार्गाने चालली आहे की नाही, हे भेटीनंतरच्या दिवसावरून ओळखावे. माणूस रडला, पण रात्री जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी कामाला लागला, तर चिंतेचे कारण नाही. प्रत्येक भेटीनंतर तो अधिकच खचत असेल, अपघाताचे किंवा अतिदक्षता विभागातील दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, तर या भेटी काही काळ थांबवून जाणकारांचा सल्ला घ्यावा. मृत्यू आत्महत्येने झाला असेल, तर आठवणी सांगण्याची विनंती अवश्य करावी. परंतु कारणांची चर्चा करू नये, ही मर्यादा पहिल्याच ओळीत घालावी.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात 'दीर्घकाळ टिकणारा शोक' हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदविला आहे. निदान सहा महिने उलटूनही आणि आपल्या समाजात जे स्वाभाविक मानले जाते त्याच्याही पलीकडे, गेलेल्या व्यक्तीचा ध्यास तीव्रपणे टिकून असेल आणि त्यामुळे रोजचे जगणे अडत असेल, तर असे निदान होऊ शकते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. ध्यानी घ्यावयाचे ते हे, की निकष जगणे अडण्याचा आहे. वर्षश्राद्धानंतरही नाव काढताच डोळ्यांत पाणी येते, एवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. मात्र जगण्यात अर्थ नाही, त्यांच्याकडेच जावे, असे बोलणे ऐकू आल्यास वाट पाहू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनाशुल्क उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

हा अहवाल वाचणाऱ्यांपैकी अनेक जण दुःखित नसून दुःखिताचे स्नेही असतील. त्यांच्याकडे अशी विनंती आली नसली, तरी त्यांनीच पुढे होऊन विचारावे : "मी त्यांचे नाव काढले तर चालेल ना?" उत्तर "हो" असे आले, तर एक छोटी, खरीखुरी घटना सांगावी आणि मग गप्प राहून ऐकावे. समोरचा रडू लागला, तर विषय बदलू नये, क्षमाही मागत बसू नये. शेजारी बसून राहावे. वसंतरावांच्या घरी आता टेबलाच्या खणात एक वही आहे. जो येतो तो तीत चार ओळी लिहितो. काही पानांवर केवळ तारखा आहेत, काहींवर कार्यशाळेतील विनोद आहेत, आणि एका पानावर आजीने सांगितलेली गोष्ट नातीच्या अक्षरात लिहिलेली आहे.